रोल-डाउन: वक्र हलला नाही तर वरचा एक टक्का खरंच फुकट मिळतो का?

सहामाही

एक हिशेब मांडतोय, जाणकारांनी तपासून द्यावा.

पाच वर्षांचा रोखा आहे. कूपन ७ टक्के, वर्षातून एकदा. किंमत १००, म्हणजे यील्डही ७ टक्केच. त्याच बाजारात चार वर्षांच्या रोख्याचं यील्ड ६.७० आहे आणि एक वर्षाचा दर ५.६०. वक्र चांगला चढता आहे.

आता हा रोखा घेऊन मी वर्षभर गप्प बसलो, तर वर्षाने तो चार वर्षांचा झालेला असेल. तोपर्यंत वक्र जागचा हलला नसेल तर बाजार त्याला ६.७० नेच मोजणार. म्हणजे कूपन मिळालंच, शिवाय यील्ड ३० बेसिस पॉइंटने उतरल्यामुळे किंमतही वाढली. हे रोल-डाउन.

प्रश्न दोन. पहिला: ड्युरेशनने गुणलं तर फायदा १.२३ येतो, शीटमध्ये पूर्ण किंमत काढली तर १.०२. एवढा फरक का? दुसरा आणि महत्त्वाचा: ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, "हा वरचा एक टक्का फुकटचा आहे, न घेणारा वेडा." मला फुकट या शब्दाची भीती वाटते. वाटायला हवी का?

तिरकस

घसरगुंडीवर बसून पैसे मिळतात हे बालपणी कुणी सांगितलं नाही, नाहीतर शाळेत गेलोच नसतो.

बिनव्याजी

यात गूढ काही नाही. रोखा मुदतीकडे सरकतो तशी किंमत १०० कडे जाते. ९२ ला घेतलेला रोखा दरवर्षी थोडा थोडा वर येतो, तेच रोल-डाउन. म्हणून मी नेहमी १०० च्या खालचे रोखे शोधतो. तुमचा १०० लाच आहे, त्यात रोल-डाउन कुठून येणार? शीट पुन्हा तपासा.

जुना_डीलर

बिनव्याजी, निम्मं बरोबर आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत गेल्यात.

सहामाहींच्याच वक्रावर तुमचा रोखा मांडू. कूपन ५, मुदत पाच वर्षं, यील्ड ७. किंमत येते ९१.८०. वर्षाने यील्ड सातच राहिलं तरी किंमत ९३.२३ होते. हे १.४३ वाढले, त्यात कूपनचे ५ मिळवा आणि ९१.८० ने भागा. बरोब्बर ७ टक्के. म्हणजे ती वाढ तुमच्या यील्डमध्ये आधीच धरलेली होती, कूपन कमी म्हणून तिकडून दिलेली. वरकड काही नाही. आता यील्ड ७ ऐवजी ६.७० झालं तर किंमत ९४.२० होईल. ९३.२३ ते ९४.२० हा जो वरचा तुकडा आहे, तेवढंच रोल-डाउन. १०० च्या रोख्यालाही तो मिळतो, १०८ च्यालाही मिळतो.

सहामाही, तुमचा पहिला प्रश्न सोपा आहे. तुम्ही आजचं ड्युरेशन लावलंत, चारच्या थोडं वरचं. पण यील्डचा फरक पडतो तेव्हा रोखा पाच वर्षांचा राहिलेलाच नसतो. वर्षअखेरचं ड्युरेशन घ्या, साधारण ३.४. गुणिले ०.३०, झाले १.०२. ही चूक आमच्या डेस्कवर दर नवा मुलगा करायचा. सगळ्यांचाच आकडा खऱ्यापेक्षा मोठा यायचा, म्हणून कुणाला शंका यायची नाही.

बिनव्याजी

हम्म. ९३.२३ चा आकडा करून बघितला. बरोबर आहे. माघार.

आजीचा_डबा

माझाही याच विषयावर प्रश्न आहे. आमच्याकडे एक डेट फंड आहे, त्याच्या माहितीपत्रकात ठळक लिहिलंय की हा 'रोल-डाउन' पद्धतीने चालतो. सल्लागाराने सांगितलं की म्हणून यात जास्त परतावा. तीन वर्षं झाली, परतावा घेताना दाखवलेल्या यील्डच्याच आसपास आहे. तो वरचा टक्का गेला कुठे? फसवणूक आहे का ही?

जुना_डीलर

ताई, फसवणूक नाही, शब्दांची गल्लत आहे. फंडवाले 'रोल-डाउन' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा एवढंच सांगायचं असतं, की ठरावीक सालापर्यंतचे रोखे घेतले, ते विकणार नाही, त्यामुळे फंडाची सरासरी मुदत दरवर्षी एकेक वर्षाने उतरत जाईल. उतरते ती मुदत. सहामाही विचारतायत तो यील्ड उतरल्यामुळे मिळणारा परतावा. तुम्ही मुदतपूर्तीपर्यंत थांबलात तर हातात येणार साधारण घेतानाचं यील्ड, वजा खर्च.

आजीचा_डबा

मग मधल्या वर्षांत किंमत वाढली ते पैसे मिळतातच ना? ते कुणी परत थोडेच घेतं?

हिशेबी

घेतं. खरं तर धाग्याचा गाभा तुम्हीच विचारलात.

सहामाहींचाच रोखा शेवटपर्यंत नेऊ. वक्र पाचही वर्षं जराही हलत नाही असं धरतो (कधीच होत नाही, पण धरू). तीन वर्षांचं यील्ड ६.४०, दोनचं ६.००. दर वर्षअखेरीस किंमत अशी दिसेल: १०० वरून १०१.०२, मग १०१.५९, मग १०१.८३, मग १०१.३३, आणि शेवटी १००.

म्हणजे टेकडी आहे ही. आधी चढलात, मग उतरलात. वर्षागणिक परतावा पहिल्या वर्षी ८.०२, मग ७.४९, ७.१३, ६.३८ आणि शेवटच्या वर्षी फक्त ५.६०. पाच वर्षांत किंमतवाढ शून्य. रोल-डाउनने पैसे निर्माण केले नाहीत, सात टक्क्यांची वाटणी बदलली. मलई सुरुवातीच्या वर्षांत आणि ताक शेवटी.

ज्याला फक्त मलई हवी त्याने पहिल्या वर्षानंतर रोखा विकून पुन्हा नवा पाच वर्षांचा घ्यायचा, आणि हे दरवर्षी करत राहायचं. शेवटपर्यंत धरून बसणाऱ्याला रोल-डाउन दिसतं, मिळत नाही.

आजीचा_डबा

आत्ता कळलं. म्हणजे मधल्या वर्षी स्टेटमेंट बघून मी खूश होते तेव्हाच टेकडीच्या माथ्यावर होते.

तिरकस

आणि सल्लागार माथ्यावरचा फोटो लावून पुढचं गिऱ्हाईक शोधत होता.

निळी_रेघ

हिशेबींची टेकडी आवडली, वाखुसा. पण सहामाहींचा दुसरा प्रश्न तसाच राहिलाय. दरवर्षी विकून नवा घेतला तर तो एक टक्का फुकट आहे की नाही? माझ्या मते आहे. वक्राला चढ आहे, चढ बहुतेक काळ असतोच, मग घ्यायला काय हरकत?

हिशेबी

हरकत फॉरवर्डची.

मी आज ५.६० ने वर्षभरासाठी १०० उसने घेऊन हा रोखा घेतला असं समजा. वर्षाने १०५.६० द्यायचे आहेत. कूपनचे ७ आले, उरले ९८.६०. म्हणजे तेव्हा रोखा ९८.६० ला विकला गेला तरी मी ना नफा ना तोटा. चार वर्षं उरलेला, सात टक्के कूपनचा रोखा ९८.६० ला असेल तर यील्ड येतं ७.४२ च्या जवळपास.

आता याकडे नीट बघा. आजच्या वक्राच्या पोटातच एक विधान आहे, त्यालाच फॉरवर्ड म्हणतात: वर्षाने चार वर्षांचा दर ७.४२ असेल. तुम्ही म्हणताय तो ६.७० च असेल. तुमच्या आणि वक्राच्या म्हणण्यात ७२ बेसिस पॉइंटचं अंतर आहे आणि तुमचा सगळा फायदा त्या अंतरातून येतो. वक्र जागचा हलणार नाही हे गृहीतक वाटतं तटस्थ, पण ती ठाम पैज आहे. चढता वक्र स्वतःच सांगतोय की दर वर जातील, आणि तुम्ही म्हणताय जाणार नाहीत.

निळी_रेघ

पण वक्र सांगतो तसं होतं का? फामा आणि ब्लिस यांचा १९८७ चा पेपर याच प्रश्नावर आहे. अमेरिकी ट्रेझरीच्या एक ते पाच वर्षांच्या आकड्यांवर त्यांनी तपासलं. वर्षभर पुढचे दर काय असतील हे फॉरवर्डना जवळजवळ सांगताच येत नाही असं निघालं. उलट फॉरवर्ड आणि चालू दर यांतलं अंतर मोठं असेल तेव्हा लांबचे रोखे पुढच्या वर्षी खरंच जास्त देतात. कॅम्पबेल आणि शिलर यांचं १९९१ चं काम तर आणखी पुढे जातं. चढता वक्र पाहून लांबचे दर वाढतील अशी अपेक्षा करावी, तर ते सरासरीने उलट्या दिशेला जाताना दिसले. म्हणजे सहामाहींचे ज्येष्ठ अगदीच चुकीचे नाहीत.

हिशेबी

पेपर मान्य. पण फामा-ब्लिसचा दुसरा अर्धा भागही सांगा ना. मुदत वाढवून तीन-चार वर्षांपुढचं बघितलं तर त्याच फॉरवर्डना दरांचा अंदाज बऱ्यापैकी येऊ लागतो. आणि वर्षभरात जास्त परतावा मिळतो तो कशाबद्दल? दर उसळले तर तोटा सोसायच्या तयारीबद्दल. विम्याचा हप्ता गोळा करणाऱ्याला आपण फुकट मिळतंय असं म्हणत नाही.

निळी_रेघ

हप्ता म्हणा, फुकट म्हणा, सरासरीत पैसे येतात ना?

हिशेबी

सरासरीत. सरासरीच्या बाहेर काय झालं ते ज्यांनी सोसलं त्यांना विचारा.

पासबुक

विचारा, मी आहे.

एका छोट्या संस्थेचा निधी सांभाळते, नाव सांगत नाही. गेल्या खेपेला वक्राचा चढ बघून हेच केलं होतं. दर फारसे हलले नाहीत, म्हणजे पैज मी जिंकले. तरी कागदावर धरलेल्या रोल-डाउनचा मोठा हिस्सा हातात आलाच नाही. कारण शोधायला दोन आठवडे लागले.

आमचा वक्र ठळक रोख्यांवरून काढलेला होता, ज्यांची रोज भरपूर उलाढाल होते ते. पाच वर्षांचा ठळक, चार वर्षांचा ठळक, मधून रेघ. पण वर्षाने माझा रोखा चार वर्षांचा ठळक रोखा झाला नव्हता. तो झाला होता पाच वर्षांचा जुना रोखा, ज्याला चार वर्षं उरलीत. त्याच्याकडे कोणी बघत नाही. डीलर त्याला ठळक रोख्यापेक्षा वरच्या यील्डला मागतो. सहामाहींच्या आकड्यांत सांगायचं तर तो ६.७० ला जात नाही, ६.७८ ला जातो. मग १.०२ चे होतात ०.७५. त्यातून विकतानाची आणि नवा घेतानाची तफावत वजा करा. मी तर घेतानाही ठळक रोखाच घेतला होता, म्हणजे लोकप्रियतेचे जादा पैसे मोजून.

तेव्हापासून मी वक्र बघत नाही. माझ्यासारखाच, एक वर्षाने जुना असलेला रोखा आज कितीला मागतायत ते डीलरला विचारते. तोच माझा वर्षानंतरचा भाव.

जुना_डीलर

हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. फोनवर मिळालेल्या भावासमोर गुळगुळीत वक्र कधीच टिकत नाही.

एक भर घालतो. कधीकधी वक्रावर एखादी खाच दिसते, एक मुदत शेजाऱ्यांपेक्षा उगाच स्वस्त किंवा महाग. मॉडेल लगेच ओरडतं, इथे रोल-डाउन भरपूर. निम्म्या वेळा ती खाच त्या मुदतीची नसते, त्या रोख्याची असते. मोठा लिलाव येऊ घातलाय, किंवा एखाद्याच मोठ्या खातेदाराने सगळा माल दाबून ठेवलाय. मुदतीची खाच असेल तर रोखा तिच्यातून सरकून बाहेर येतो. रोख्याची असेल तर तो ती खाच बरोबर घेऊन फिरतो, आणि तुम्ही रोल-डाउनची वाट बघत बसता.

नवशिक्या७

मग जास्त मुदतीचा घेतला तर? दहा वर्षांच्या रोख्याचं ड्युरेशन जवळजवळ दुप्पट, म्हणजे रोल-डाउनही दुप्पट ना?

जुना_डीलर

नाही. ड्युरेशन दुप्पट, पण चढ कुठे आहे तिथे? समजा दहाचं यील्ड ७.४० आणि नऊचं ७.३६. एका वर्षात चारच पॉइंट उतरणार. गुणिले साडेसहा, म्हणजे जेमतेम पाव टक्का. कूपन धरून वर्षाचे ७.६६. पाच वर्षांवाल्याने ८.०२ दिले होते. निम्म्या जोखमीत जास्त परतावा. चढता वक्र म्हणजे सगळीकडे सारखा चढ नसतो. बहुतेक वेळा पहिल्या काही वर्षांत तीव्र आणि पुढे पठार.

तिरकस

आणि वक्र उलटा असेल तर घसरगुंडी वर चढायची. पैसे आपणच द्यायचे.

जुना_डीलर

हसू नका, अमेरिकेत २०२२ च्या मध्यापासून दोन वर्षांहून जास्त काळ दोन आणि दहा वर्षांचं नातं तसंच उलटं होतं. तेव्हा धरून ठेवणाऱ्याला रोल-डाउन उणे यायचं.

खडूस_वाचक

एवढी चर्चा झाली आणि १९९४ चं नाव कुणी काढलं नाही, नवल आहे. कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी. खजिनदार रॉबर्ट सिट्रन. साडेसात अब्ज डॉलरच्या आसपास लोकांचा पैसा, त्यावर रिव्हर्स रेपोने उसनवारी करून वीस अब्जांच्या वर गुंतवणूक. थोडक्या मुदतीने घ्यायचं, मधल्या मुदतीत घालायचं. बरीच वर्षं झकास चाललं. मग फेब्रुवारी १९९४ पासून फेडने दर ३ टक्क्यांवरून उचलायला घेतले, नोव्हेंबरपर्यंत साडेपाचवर नेले. डिसेंबरमध्ये काउंटी दिवाळखोरीत, दीड अब्ज डॉलरहून जास्त तोटा. हे तुमचं रोल-डाउन.

हिशेबी

संदर्भ चांगला, पण सगळं रोल-डाउनच्या माथी मारू नका. त्यांच्याकडे इन्व्हर्स फ्लोटरही ढिगाने होते, दर वाढले की ज्यांचं कूपनच घटतं. आणि मुख्य घात उसनवारीने केला.

एक गोष्ट मात्र लागू पडते. मी वर ५.६० ने वर्षभराचे पैसे घेतले असं धरलं. प्रत्यक्षात उसनवारी रातोरातची किंवा थोड्या दिवसांची असते आणि तिचा दर सुरुवातीला ५.६० पेक्षाही खाली दिसतो, त्यामुळे फरक आणखी गोड वाटतो. दर उचलले की रोख्याची किंमत पडते आणि त्याच आठवड्यात उसन्या पैशाचं व्याज वाढतं. दोन्ही मार एकाच बाजूने. त्यात किंमत पडली म्हणून समोरचा जादा तारण मागतो. ७२ पॉइंटची उशी पूर्ण वापरायच्या आधीच तुम्हाला विकावं लागतं.

खडूस_वाचक

बरं, एवढं मान्य.

अवांतरप्रेमी

अवांतर: 'रोल-डाउन'ला मराठीत काय म्हणावं? 'उतारलाभ' कसा वाटतो?

तिरकस

ज्येष्ठांसाठी रेल्वेतली सवलत वाटते.

पासबुक

मला चालेल. पण डीलरला फोनवर उतारलाभ म्हटलं तर तो फोन ठेवेल.

सहामाही

धागाकर्ता हजर. दोन दिवस शीट घेऊन बसलो होतो. सगळ्यांचे आभार, विशेषतः पासबुक.

हिशेबींनी केला तसाच हिशेब आता तीन मुदतींसाठी केला. ५.६० चा खर्च भागवून शून्यावर यायला वर्षाने त्या रोख्याचं यील्ड वक्रापेक्षा किती वर जावं लागेल, एवढंच. तीन वर्षांच्या रोख्याला ८४ पॉइंट, पाचला ७२ आणि दहाला फक्त ३२. वर्षाचा परतावा पाचचा सर्वांत जास्त आहे, पण उशी तीनची जाड आहे. हे अपेक्षित नव्हतं.

मग डीलरकडे विचारणा केली. चार वर्षं उरलेला जुना रोखा खरोखरच वक्राच्या वर आहे, सात पॉइंटने. म्हणजे माझा १.०२ आता ०.७८ च्या आसपास आला. ज्येष्ठांना दाखवलं. ते म्हणाले, "तरी फुकटच आहे की." पुढे वाद घातला नाही.

अजून एक अडतंय. थोड्या मुदतीचे दर लांबच्यांपेक्षा जास्त उड्या मारतात ना? मग तीनचे ८४ आणि पाचचे ७२ यांची सरळ तुलना करता येईल का?

जुना_डीलर

सरळ नाही. प्रत्येक उशीला त्या मुदतीच्या यील्डच्या वर्षभराच्या चढउताराने भागा, मग लावा शेजारी. आणि तो चढउतार कुठल्या वर्षांचा घ्यायचा यावरून इथे आणखी शंभर प्रतिसाद होतील. मी गेल्या पाच वर्षांचा घेतो.

हिशेबी

पाच? त्यात दर उचलायचं एखादंही चक्र नसेल तर उत्तर आपोआप गोडच येणार. निदान एक पूर्ण चक्र तरी धरा.

जुना_डीलर

चक्र धरलं तर मग कधीच काही घेता येत नाही हो.

निळी_रेघ

सहामाही, घेतला की नाही ते सांगा.

सहामाही

थोडा घेतला. तीनचा. उसनवारीशिवाय. वर्षाने धागा वर काढेन.